घंटीचं पान

धाकटी बहीण मागच्या खेपेला पुण्याहून आली होती तेव्हा तिनं अप्पांच्या फोनवर खरेदीचं ॲप घालून दिलं. मी ऑफिसात होते. संध्याकाळी स्कूटर लावून आत आले तर अप्पा तिण्णैवर, म्हणजे आमच्या घरापुढच्या बसायच्या कट्ट्यावर, चष्मा कपाळावर चढवून बसले होते आणि ती त्यांना चिकटून बसून सांगत होती, "आता हे दाबा. हां. आता पत्ता. पत्ता मी घातलाय. तुम्ही फक्त बघा." त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा मी किती वर्षांत पाहिला नव्हता. मी आत जाऊन कापीचं, म्हणजे कॉफीचं, दूध तापायला ठेवलं आणि भांडं जरा जास्तच जोरात आपटलं.

अप्पांजवळ राहते ती मी. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही. तंजावुरातल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. सकाळी त्यांची कापी, गोळ्या, डबा, संध्याकाळी पाठीला तेल, हे सगळं माझं. धाकटीचं लग्न पुण्याला झालं. तिचं मराठी आता पुण्याचं झालंय, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं. आमच्या मराठीत निम्मं तमिळ. अप्पा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हापासून जुन्या मराठी घराण्यांचे मोडीतले कागद वाचून देतात, त्यामुळे मराठीचं त्यांना भारी वेड. तिच्याशी फोनवर बोलताना ते सावरून बसतात, शब्द निवडून बोलतात. माझ्याशी बोलताना म्हणतात, "तन्नी आण गे." पाणी आण. बस.

तर धाकटी परत गेली आणि फोन वाजायला लागला.

टिंग. दुपारी जेवताना टिंग. संध्याकाळी दिवा लावताना टिंग. अप्पा ताटावरून उठून डाव्या हातानं फोन उचलायचे, लांब धरून वाचायचे आणि मला सांगायचे, "बघ, पोरीनं पाठवलंय. कुकरवर सूट आहे म्हणे."

"तिनं नाही पाठवलं, अप्पा. ते ॲपवाले पाठवतात. सगळ्यांनाच."

"पण तिनंच लावून दिलंय ना ते."

कुकर, बेडशीट, धावायचे बूट, दाढीचं मशीन. दिवसातून आठ-दहा वेळा कोणी ना कोणी कंपनी अप्पांना काही ना काही विकू बघायची आणि प्रत्येक वेळी श्रेय माझ्या बहिणीच्या खात्यावर जमा व्हायचं. एकदा 'तुम्ही पाहिलेली वस्तू अजून तुमची वाट बघते आहे' असं काहीसं आलं. अप्पा दिवसभर तेच सांगत होते. वाट बघते आहे म्हणे. तिला माझी किती काळजी.

मी शेजारच्या खोलीत त्यांचे कपडे घडी करत होते. घडी केलेला सदरा मी उलगडला आणि पुन्हा घडी घातली. काय करतेय तेच मला कळत नव्हतं. चाळीशी ओलांडलेली बाई एका कुकरच्या जाहिरातीवर जळत होती.

त्याच सुमारास दिव्याचं निघालं. अप्पांना बारीक मोडी अक्षर दिसेनासं झालं होतं. मी दोनदा म्हटलं होतं, डोळे दाखवून येऊ. डोळे दाखवले, चष्म्याचा नंबर बदलला, तरी कागद वाचताना ते खिडकीशी कागद नेऊन तिरपा धरायचे. हे धाकटीनं व्हिडिओ कॉलवर एकदाच पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना एक लिंक पाठवली: टेबलाच्या कडेला लावायचं मोठं भिंग, त्याच्या भोवती गोल दिवा. अप्पांनी तिला फोनवर धरून ठेवत, तिनं सांगितलं तसं एकेक बटण दाबत, तो मागवला. त्यांच्याच खात्यातून, त्यांच्याच बोटांनी. शुक्रवारपर्यंत येईल असं पानावर दिसलं. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे परीक्षा पास झाल्यासारखं पाहिलं.

"मला सांगायचं होतं ना," मी म्हटलं. "मी मागवला असता."

"तुला कुठं वेळ असतो गे," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. तेच मला जास्त लागलं.

तो रविवार होता. दुपारी अप्पा झोपले. फोन त्यांच्या उशाशी होता आणि तासाभरात तीनदा वाजला. तिसऱ्यांदा त्यांनी झोपेतच हात लांब केला. मी फोन उचलून स्वयंपाकघरात नेला. मनात एवढंच होतं की हा आवाज बंद करायचा. त्यांची झोप मोडते, हे कारण खरं होतं आणि सांगायलाही सोयीचं.

ॲप उघडलं. खालच्या कोपऱ्यात खात्याचं पान, त्यात सेटिंग, त्यात घंटीचं चित्र. उघडल्यावर चार ओळी दिसल्या आणि प्रत्येकीपुढे एक बटण: ऑफर आणि सूट. तुमच्यासाठी निवडलेलं. पाहून ठेवलेल्या वस्तूंची आठवण. आणि सगळ्यात खाली, ऑर्डर आणि डिलिव्हरी. चारही चालू होती.

पहिली तीन मी बंद केली. बटण डावीकडे सरकलं की हिरवा रंग जाऊन राखाडी होतो. एक, दोन, तीन. एवढ्यावर काम झालं होतं. कुकर गेला, बूट गेले, ती 'वाट बघणारी' वस्तूही गेली. चौथी ओळ कशासाठी आहे हे मला नीट माहीत होतं. कॉलेजच्या ऑफिसातली निम्मी खरेदी मीच ऑनलाइन करते. सामान निघालं, आज येतंय, येऊन परत गेलं, असं सगळं त्या ओळीतून कळतं. ती ठेवायची असते.

माझं बोट तिच्यावर थांबलं. मला दिसलं की आता घरात जो टिंग वाजेल तो तिच्या दिव्याचा वाजेल. निघाला, टिंग. तंजावुरात आला, टिंग. दारात आला, टिंग. आणि प्रत्येक वेळी अप्पा ताटावरून उठतील. खोट्या टिंगला मी निदान खोटं म्हणू शकत होते. हा तर खराच तिचा होता.

मी तेही बंद केलं. मग फोन पुन्हा उशाशी ठेवला, चार्जिंगची वायर होती तशी वळवून.

सोमवारपासून घर गप्प झालं. मला बरं वाटलं असं सांगू शकत असते तर सांगितलं असतं. अप्पा सारखा फोन हातात घ्यायचे, बघायचे, ठेवायचे. सोमवारी संध्याकाळी तेल लावताना म्हणाले, "आज पोरीचं काही आलं नाही."

"कामात असेल."

"आजारी तर नसेल?"

मी त्यांच्या पाठीवर तेल चोळत राहिले. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता हे बरं.

मंगळवारी सकाळी ते तिरुवैयारूला गेले. तिथं एका ओळखीच्या घरी जुन्या कागदांचं गाठोडं निघालं होतं, ते तिथंच बसून वाचायचं होतं. तीन दिवस रोज सकाळी नऊच्या बसनं जायचे आणि पाचपर्यंत परत यायचे. मी ऑफिसात. घराला कुलूप. दिवा शुक्रवारी येणार म्हणून दोघांनाही काळजी नव्हती.

दिवा मंगळवारीच आला.

हे मला नंतर कळलं. कधी कधी सामान ठरल्याआधी येतं आणि मग सकाळी 'आज येत आहे' अशी सूचना येते. ती अप्पांना आली असती तर त्यांनी तिरुवैयारू पुढे ढकललं असतं. त्या दिव्यापुढे त्यांनी काहीही पुढे ढकललं असतं. डिलिव्हरीवाला आला, कुलूप बघून त्यानं फोन केला. अनोळखी नंबर घ्यायचा नाही हे अप्पांना मीच शिकवलं होतं, दोनदा बजावून. घेतला नाही. समोरच्या घरी ठेवून जायचीही सोय नव्हती, कारण फोनवर आलेला कोड सांगितल्याशिवाय ते सामान हातात देत नाहीत. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी पुन्हा. त्यानंतर दिवा परत गेला. याचे एसएमएसही आले होते, सगळे, ओळीनं. पण बँकेच्या आणि रिचार्जच्या ढिगाखाली. अप्पा एसएमएस उघडत नाहीत. त्यांचा सगळा भरवसा वर टिंग करून येणाऱ्या त्या पट्टीवर होता.

गुरुवारी रात्रीचं जेवण वाढताना मला वाटलं, ॲप उघडून दिवा कुठवर आलाय ते बघावं. ऑर्डरचं पान उघडलं की दिसतं, त्याला सूचना लागत नाही. मी उघडलं नाही. उघडलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

शुक्रवारी मी ऑफिसला निघाले तेव्हा अप्पा अंघोळ करून, इस्त्रीची वेष्टी नेसून तिण्णैवर बसले होते. आत टेबलाची कड मोकळी करून ठेवली होती. मी संध्याकाळी आले तेव्हाही तिथंच होते. जेवले होते का विचारलं तर म्हणाले, "आत गेलो आणि तो आला तर?" सकाळी ठेवलेला दहीभात झाकलेलाच होता.

शनिवारी संध्याकाळी धाकटीचा व्हिडिओ कॉल आला, माझ्या फोनवर. आम्ही दोघं शेजारी बसलो.

"अप्पा, दिवा कसा आहे?"

"आला नाही गे."

"आला नाही? अक्का, अप्पांचा फोन घे ना हातात. ऑर्डरचं पान उघड."

मी उघडलं. लाल अक्षरात होतं: तीन वेळा प्रयत्न केला, ग्राहक भेटले नाहीत, सामान परत. मी ते तिला वाचून दाखवलं. माझ्या आवाजाला काही झालं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

"तीन वेळा? मग सूचना आल्या असतील की. अप्पा, तुम्ही बघितल्या नाहीत?"

"काहीच आलं नाही. आठवडाभर तुझ्याकडून काहीच आलं नाही. मला वाटलं तू रागावलीस."

"माझ्याकडून?" मग अप्पा त्या जाहिराती तिच्याच समजतात हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती हसली नाही. मला म्हणाली, "अक्का, सेटिंगमध्ये जा. खाली कोपऱ्यात खातं असेल बघ. सापडलं? आता घंटीचं चित्र आहे, त्याच्यावर दाब."

मला प्रत्येक पायरी माहीत होती. मी पहिल्यांदाच बघतेय असं बोट फिरवत, जरा चुकत, तिनं सांगितलं तसं केलं. ती हळू, समजुतीच्या सुरात सांगत होती, अप्पांना सांगायची तशीच. माझी कानशिलं तापली.

"काय दिसतंय?"

मी तो फोन माझ्या फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरला. चारही बटणं राखाडी.

"सगळं बंद आहे," ती म्हणाली. "वरची तीन बंद असलेलीच बरी, ती नुसती जाहिरात आहे. पण खालचं ऑर्डरचं कुणी बंद केलं?"

अप्पा पुढे वाकले. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. "माझ्याच हातानं झालं असेल. बोटं कापतात हल्ली. कुठं लागलं असेल कुठं..." मग ते तिला म्हणाले, "तू एवढं सगळं लावून दिलंस आणि मी घालवलं."

मी बोलायला हवं होतं. धाकटीनं कॅमेऱ्यातून माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "जाऊ द्या अप्पा. अक्का, खालचं तेवढं चालू कर. वरची राहू दे तशीच." मी केलं. ते एकच बटण हिरवं झालं. तिनं अप्पांना दिवा परत मागवायला लावला आणि या वेळी मी फोन धरला, त्यांनी बोट ठेवलं. त्यांचं बोट खरंच कापत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापीचा टंबलर त्यांच्यापुढे ठेवला आणि उभीच राहिले.

"अप्पा, ते तुमच्या हातानं झालं नाही. मी बंद केलं."

"जाहिराती बंद केल्यास ते बरंच केलंस. झोप लागायची नाही."

"शेवटचंही मीच."

"चुकून."

"नाही. ते काय आहे ते मला माहीत होतं."

त्यांनी टंबलर उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "का गे?"

मी म्हटलं, "फोन वाजला की तुम्ही ताटावरून उठता. मी हाक मारली की 'आलो' म्हणता आणि येत नाही."

हे मोठ्यानं म्हटल्यावर किती लहान वाटलं ते मी इथं लिहू शकत नाही. अप्पा माझी समजूत घालतील असं मला वाटलं होतं. खरं तर त्यासाठीच मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "एक आठवडा मला वाटलं, पोर रागावली. कालची रात्र सगळी स्वतःला मूर्ख समजलो." मग उठून आत गेले. कापी तशीच राहिली.

दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मंगळवारी ऑफिसातून मी धाकटीला फोन केला, जिन्यात उभी राहून, आणि तिलाही सांगितलं. वाटलं, ओरडेल. तिनं ऐकून घेतलं.

"मला तेव्हाच कळलं होतं, अक्का."

"कसं?"

"अप्पा कधी त्या पानापर्यंत जातील का? चार पायऱ्या आहेत. आणि बोट लागून एखादं बटण बंद होईल, चारही ओळीनं कशी होतील? शिवाय तू किती सावकाश दाबत होतीस. तू असं कधी करत नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"अप्पांसमोर काय बोलायचं?" ती म्हणाली, आणि मग, "मला वाटलं, तूच सांगशील."

मी फोन ठेवला. मला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी त्या जिन्यात उभी राहून पुन्हा तिच्यावर जळले. तिनं मला सांभाळून घेतलं होतं, तेही मला कळू न देता, पुरावा हातात असताना. हा मोठेपणाही तिच्याकडेच. मला त्यातलं काहीच जमलं नव्हतं, आणि ते तिनं किती सहज केलं होतं.

बुधवारी सकाळी मी डबा भरत असताना टिंग झालं. अप्पा फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. चष्मा वर, फोन लांब.

"आज येतोय म्हणे. दुपारी. कोड पण आलाय." मग जरा थांबून, "तू थांबतेस का? मला तो स्क्रू बसवता यायचा नाही."

मी ऑफिसात फोन करून अर्धी रजा घेतली. आम्ही दोघं तिण्णैवर बसलो. त्यांनी विचारलं, त्या पानावर वरची तीन बटणं बंदच आहेत ना, आता कुकरवाले येणार नाहीत ना. मी त्यांना उघडून दाखवलं. तीन राखाडी, एक हिरवं. ते म्हणाले, मला परत एकदा दाखव, कुठून कुठं जायचं. मी दाखवलं. मग त्यांनी स्वतः करून पाहिलं, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा पोचले. मी त्यांचं बोट धरलं नाही, नुसतं बघत राहिले.

बाराच्या सुमारास सामान आलं. अप्पांनी कोड सांगितला, एकेक आकडा तमिळमध्ये, स्पष्ट. मी खोकं उघडलं, टेबलाच्या कडेला पकड बसवली, स्क्रू आवळला, वायर लावली. गोल दिवा लागला तसा कागदावर पांढरा उजेड पडला आणि भिंगाखालची अक्षरं मोठी होऊन वर आली. अप्पा खुर्ची ओढून बसले आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचू लागले, न अडखळता.

चार ओळी झाल्यावर त्यांनी मान वर केली. "थांब," म्हणाले, "पोरीला दाखवू," आणि फोन उचलला.

मी तो त्यांच्या हातातून घेतला, तिला कॉल लावून दिला, कॅमेरा दिव्याकडे वळवून फोन पुस्तकांना टेकवून ठेवला. ती तिकडून म्हणाली, "वा, अप्पा! वाचा ना, वाचा." ते सावरून बसले आणि त्यांच्या त्या खास आवाजात वाचायला लागले.

मी आत जाऊन भात लावला. तांदूळ धुताना मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि मधूनच तिचं हसू. मला ते आवडलं नाही. पण मी कुकरची शिटी होऊ नये म्हणून गॅस बारीक केला, म्हणजे त्यांना ऐकायला त्रास होणार नाही.